पंचवीस वर्षे पुरणारी पुंजी : ३७ लाख की ६७ लाख?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. नोव्हेंबर २००५ नंतर लागल्यामुळे जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे. येत्या वर्षात ५८ पूर्ण होऊन निवृत्त होईन. आम्हा दोघांचा घरखर्च महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. हा खर्च महागाईप्रमाणे वाढत जाईल आणि पैसा २५ वर्षे पुरला पाहिजे. ओळखीच्या एकाने ७ टक्के व्याज धरून साडेसदतीस लाख पुरेसे आहेत असे सांगितले. हे बरोबर आहे का? तसेच एनपीएसमधून महिना ६ हजार पेन्शन बसेल असा अंदाज आहे, ती हिशेबात कशी धरायची?
— एक वाचक, चिंचपाडा (ता. नवापूर, जि. नंदुरबार)

उत्तर : साडेसदतीस लाखांचा हिशेब चुकीचा नाही, पण तो तुमच्या प्रश्नाचा नाही. वर्षाला ३ लाख, पंचविसाव्या वर्षीही तेच ३ लाख, एवढेच काढायचे असतील तर ७ टक्क्यांनी ३७ लाख ४१ हजार पुरतात. खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत असेल तर त्याच रकमेतून तेरा वर्षांचा खर्च भागतो, आणि चौदाव्या वर्षी पुरेसे पैसे उरत नाहीत. तुम्ही तेव्हा ७१ वर्षांचे असाल.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या तुमच्या सहकाऱ्यांना हा हिशेब करावाच लागला नाही. त्यांच्या पेन्शनवर महागाई भत्ता वाढत राहतो, म्हणजे महागाईचा भार शासन उचलते. मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, त्यामागे ही मोठी गोष्ट होती. तुमच्या बाबतीत तो भार तुमच्या पुंजीला उचलायचा आहे.

वर्षाच्या सुरुवातीला वर्षभराचा खर्च काढून घ्यायचा आणि उरलेले व्याजावर ठेवायचे, असे धरले तर सूत्र असे :

```
P = W × [1 − ((1+g)/(1+i))^n] ÷ [1 − (1+g)/(1+i)]
```

यात W हा पहिल्या वर्षाचा खर्च, g महागाई, i हातात पडणारे व्याज आणि n वर्षे. g ६ टक्के, i ७ टक्के आणि n २५ घातले की ३ लाखांच्या पुढचा गुणक २२.३९ येतो. म्हणजे लागणारी पुंजी सुमारे ६७ लाख १६ हजार. शेवटच्या वर्षी तुम्ही ३ लाख नव्हे, तर १२ लाख १५ हजार काढत असाल. आकडा अंगावर येतो, पण आजच्या २५ हजारांत जे येते तेच त्यात येईल.

सूत्र नको असेल तर एक सोपी खूण लक्षात ठेवा. व्याज आणि महागाई सारखी असेल तर पुंजी म्हणजे खर्च गुणिले वर्षे, इथे ३ लाख गुणिले २५, म्हणजे ७५ लाख. व्याज महागाईपेक्षा जेवढे जास्त, तेवढी पुंजी याहून कमी लागते. महागाई ४ टक्केच राहिली तर ५४ लाख ४४ हजारांत भागते. उलट व्याज ६ आणि महागाई ७ झाली तर ८४ लाख लागतात. रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट ४ टक्क्यांचे आहे आणि वरची मर्यादा ६ टक्क्यांची. मी ६ धरतो, कारण म्हातारपणी औषधपाण्याचा वाटा वाढतो, आणि तो खर्च डाळ-तांदळासारखा आवरता येत नाही. व्याज मात्र कर वजा जाता उरते तेवढेच धरा. पासबुकावरचा दर धरून केलेला हिशेब नेहमी पुंजी कमी दाखवतो.

आता या ६७ लाखांचे पुढे काय होते ते पाहा. पहिल्या वर्षी ३ लाख काढल्यावर ६४ लाख १६ हजार उरतात, त्यावर सुमारे साडेचार लाख व्याज येते. दुसऱ्या वर्षीचा खर्च ३ लाख १८ हजार. म्हणजे शिल्लक घटण्याऐवजी वाढते. ती वाढत वाढत दहाव्या वर्षाच्या सुरुवातीला ७५ लाख ६५ हजारांवर जाते, मग उतरू लागते. एकविसाव्या वर्षाच्या सुरुवातीला ४७ लाख असतात आणि पुढच्या पाच वर्षांत ते सगळे संपतात.

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका या चढत्या दहा वर्षांत आहे. खर्च करूनही पैसा वाढतोय म्हटल्यावर तो जास्तीचा वाटतो, आणि घरात कुणाचे तरी बांधकाम किंवा लग्न निघतेच. दहाव्या वर्षी यातून १० लाख काढून दिले तर पुढचा खर्च सोळा वर्षांऐवजी तेराच वर्षे पूर्ण भागतो. तेविसाव्या वर्षी अपुरे पडते, आणि चोविसावे, पंचविसावे वर्ष कोरडे जाते. ८० ओलांडल्यावर ही पोकळी भरून काढायला मार्ग उरत नाही.

हे आधी कळावे म्हणून दर एप्रिलमध्ये एक भागाकार करा : उरलेली पुंजी भागिले त्या वर्षीचा खर्च. येणारा आकडा उरलेल्या वर्षांच्या जवळपास हवा. दहाव्या वर्षी ७५.६५ भागिले ५.०७ म्हणजे १४.९, उरलेली वर्षे १६. व्याज महागाईपेक्षा एक टक्का जास्त असल्याने एवढी तूट चालते. तेच १० लाख दिल्यानंतर आकडा १३ वर येतो आणि उरलेली वर्षे १६ च असतात. इथे खर्च आवरायला हवा, आणि तोही त्याच वर्षी.

तुमचा शेवटचा मुद्दा, ६ हजारांची पेन्शन. एनपीएसच्या ४० टक्के रकमेतून घेतलेली वार्षिकी बहुधा जन्मभर तेवढीच राहते. ३ लाखांतून वर्षाचे ७२ हजार वजा करून उरलेल्या २ लाख २८ हजारांना २२.३९ ने गुणले तर ५१ लाख येतात. अनेक जण असेच करतात, पण ते चूक आहे. त्यात पेन्शनही महागाईबरोबर वाढते असे गृहीत धरले जाते. न वाढणाऱ्या ७२ हजारांची किंमत २५ वर्षांसाठी, ७ टक्क्यांनी, सुमारे ९ लाख भरते. ती ६७ लाख १६ हजारांतून वजा केल्यावर ५८ लाख १८ हजार उरतात. दोन उत्तरांत ७ लाखांचा फरक आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याजही असेच महागाईबरोबर वाढत नाही. पंचावन्नच्या पुढे, पण साठीच्या आत निवृत्त होणाऱ्याला रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत तिथे पैसे ठेवता येतात, मर्यादा ३० लाखांची. ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात, आणि पाचही वर्षे तेवढेच. सुरुवातीच्या वर्षांत खर्चाहून जास्त आलेले व्याज संपवू नका, ते पुन्हा ठेवीत टाका. वरचा सगळा हिशेब ते व्याज पुंजीत परत जाते असे धरूनच केला आहे.

तेव्हा एनपीएसची एकरकमी ६० टक्के रक्कम, उपदान आणि स्वतःची बचत मिळून ५८ लाख होतात का ते निवृत्तीआधी पाहून घ्या. ४५ लाखच भरत असतील, तर पहिल्या वर्षाचा खर्च ३ लाखांवरून २ लाख ४० हजारांच्या आसपास, म्हणजे महिना २० हजारांवर, पहिल्याच महिन्यापासून आणावा लागेल.