घाऊक वह्यांचा भाव ठरवताना

वजिराबाद, नांदेड

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. लातूरच्या ट्युशन एरियात दुकान टाकलंस, पहिला सीझन उधारीशिवाय काढलास, याचं समाधान वाटलं. आता नांदेडचा डिस्ट्रिब्युटर म्हणतो की शंभरऐवजी तीनशे डझन वह्या उचलल्या तर भाव कमी करतो, आणि तू विचारतोस की घ्यावं का. घ्यावं की नाही हे त्याच्या भावावरून ठरत नाही. तुझ्या दुकानातून महिन्याला किती वही जाते आणि पैसे कधी द्यायचे, यावरून ठरतं. म्हणून आधी कागद-पेन्सिल घेऊन बस.

समज, दोनशे पानी वही शंभर डझनाला तीस रुपये नगाप्रमाणे मिळते आणि पैसे महिन्याने द्यायचे असतात. तीनशे डझन रोखीने घेतलेस तर तो साडेअठ्ठावीस लावतो. तीनशे डझन म्हणजे 3,600 वह्या. नगामागे दीड रुपया, म्हणजे 5,400 रुपये वाचले असं दिसतं. इथेच बहुतेक नवे दुकानदार हात पुढे करतात. पण तुझ्याकडे महिन्याला शंभर डझन जात असतील, तर हा माल तीन महिने चालणार. नेहमीच्या पद्धतीने पहिल्या शंभर डझनाचे पैसे महिन्याने, दुसऱ्याचे दोन महिन्यांनी, तिसऱ्याचे तीन महिन्यांनी गेले असते. आता सगळे आजच गेले. शंभर डझनाचे 34,200 रुपये होतात. त्यावर शेकडा दीड रुपया महिना व्याज धरलं, तर एक, दोन आणि तीन महिने मिळून 3,078 रुपये व्याजात गेले. उरले 2,322. म्हणजे दीड रुपयाची सवलत खरी पाहता पासष्ट पैशांची निघाली.

आता याच्या शेजारी दुसरा सौदा ठेव. तो भाव एकोणतीस लावतो, पण माल तीन हप्त्यांत पाठवतो आणि प्रत्येक हप्त्याचे पैसे नेहमीसारखे महिन्याने घेतो. इथे नगामागे एकच रुपया वाचला, पण तो पूर्ण वाचला: 3,600 रुपये. साडेअठ्ठावीसपेक्षा एकोणतीस तुला स्वस्त पडले. तेव्हा डिस्ट्रिब्युटरकडे जाताना नुसता कमी भाव मागू नकोस. वर्षाचा किंवा सीझनचा एकूण माल सांगून भाव एकदाच ठरव, आणि माल मात्र तुझ्या खपाप्रमाणे उचल. आपल्याकडे जूनच्या मध्याला शाळा उघडतात, क्लासेसच्या नव्या बॅच त्याच्या आसपास भरतात. मेअखेर पहिली उचल, मग जून आणि जुलै, अशी विभागणी लातूरला बसावी.

पण तो तरी भाव का कमी करील? मोठ्या ऑर्डरमुळे त्याचा खर्च वाचतो, म्हणून. तुझ्या तीनशे डझनांचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास भरेल. तो माल लोहा-अहमदपूर मार्गे तुझ्याकडे एका पिकअपमध्ये एका खेपेत येतो. तेच तीनदा पाठवायचं तर गाडीच्या खेपा आणि त्याच्या माणसाचा वेळ तिप्पट लागतो. बंडल न फोडता गेलं तर गोडाऊनमध्ये मोजणी नाही. सीझनआधी पक्की ऑर्डर असली तर त्यालाही कारखान्याकडे मोठी मागणी नोंदवता येते आणि त्याचा स्वतःचा भाव सुधारतो. यांतलं जे तू त्याला देशील, त्याचाच वाटा तू मागायचास. नुसती संख्या वाढवून बाकी सगळं जुनंच ठेवलंस, तर त्याच्या हातात फारसं काही वाचत नाही आणि त्याला द्यायलाही काही उरत नाही.

इथे एक गुंता आहे, तो आधीच ओळख. तीन हप्त्यांत माल मागितलास की गाडीभाड्याची बचत त्याच्या हातून जाते. म्हणून हप्ते त्याच्या गाडीशी जुळव. त्याची गाडी अहमदपूर, लातूर, औसा या मार्गाला महिन्यातून केव्हा येते ते विचार आणि तुझी उचल त्याच दिवशी ठेव. नाही जमलं तर दोन हप्ते कर, पहिला मोठा आणि दुसरा जुलैत. आणि भाव नेहमी पोच विचार. गोडाऊनचा भाव स्वस्त दिसतो, पण भाडं आणि दोन्हीकडची हमाली आपल्या अंगावर आली की नगामागचा फरक त्यातच जातो.

बोलणी करताना सगळ्या अटी एकदम टाकू नकोस. आधी तीन आकड्यांचे भाव माग: शंभर डझनाला काय, दोनशेला काय, तीनशेला काय. तो म्हणाला, तीस, साडेएकोणतीस आणि साडेअठ्ठावीस, तर तिसऱ्या शंभराचा भाव काढ. दोनशे डझनाचे 70,800 होतात, तीनशेचे 1,02,600. म्हणजे शेवटचे शंभर डझन 31,800 रुपयांत, साडेसव्वीस रुपयांना वही. भावाची खरी उतरण कुठे आहे ते यातून कळतं. दोनशेवर तो फारसा हलत नाही आणि तीनशेवर एकदम उतरतो, तेव्हा बहुधा त्याची गाडी तिथे भरते किंवा कारखान्याकडचा टप्पा तिथे लागतो. मग दोनशे डझनाच्या भावावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नकोस. तीनशेचं कसं झेपेल ते पाहा.

मालाचा भाव पक्का झाल्यावरच पैशांचा विषय काढायचा. ‘शेठजी, हा भाव महिन्याच्या उधारीचा झाला. आठ दिवसांत दिले तर काय सोडाल?’ असं वेगळं विचार. संख्येची सवलत आणि रोखीची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच वाक्यात ‘रोख देतो’ म्हणालास, की दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात आणि रोखीचं तुला काय मिळालं ते कळतच नाही. तो शेकडा एक सोडतो म्हणाला आणि तुझ्या पैशाला महिन्याचा दीड रुपया लागतो, तर उधारीच बरी. तो दोन सोडतो म्हणाला तर रोख दे. हे गणित त्याच्यासमोर जायच्या आधी करून ठेवलेलं असावं.

‘दहावर एक फ्री’ ही स्कीम येईल. दहा डझनाचे पैसे देऊन अकरा मिळाले, म्हणजे सवलत शेकडा दहा नव्हे, नऊच. फुकटच्या डझनाची वही त्याच जातीची आहे ना, हेही बघ. ती पडून राहिलेल्या आकाराची निघते. मी तरी ‘फ्री नको, भावात धरा’ असंच म्हणत आलो. ‘सीझन संपल्यावर जमवून घेऊ’ या बोलीवरही माल उचलू नकोस. जे ठरलं ते बिलावर, नाहीतर किमान व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या हातून लिहून आलेलं हवं: भाव, डझन, पोच, उचलीच्या तारखा, आणि फाटका-ओला माल बदलून देण्याची मुदत.

कराचंही एकदा समजून घे. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या आणि पेन्सिलींवर जीएसटी शून्य आहे, पेनावर मात्र 18 टक्के आहे. एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही घेशील, तेव्हा प्रत्येक भाव करासह आहे की कराशिवाय हे विचार. आठ रुपयांचं पेन कर धरून 9 रुपये 44 पैशांना पडतं. तू कंपोझिशनमध्ये असशील तर वरचे 1 रुपया 44 पैसे तुला परत मिळत नाहीत, ते तुझ्या नफ्यातून जातात.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगतो. भाव फार दाबला की माल पातळ होतो. ब्रँडेड वहीत ते अवघड, पण स्थानिक छापाच्या वहीत सहज होतं. अठ्ठावन्न जीएसएम ठरवून चोपन्नचा कागद येतो. कधी दोनशे पानांत मुखपृष्ठंही मोजलेली असतात. डोळ्यांना कळत नाही, पण काट्यावर लपत नाही. सत्तावीस बाय सतरा सेंटिमीटरच्या वहीत शंभर पत्रे असतील, तर अठ्ठावन्नच्या कागदाचं वजन 266 ग्रॅमच्या आसपास भरतं आणि चोपन्नच्या कागदाचं 248. एका वहीत फरक अठरा ग्रॅमचा, पण डझनामागे 220 ग्रॅम होतो. म्हणून नमुन्याच्या एका डझनाचं वजन करून ठेव, भाव ठरवताना ते लिहून घे, आणि माल उतरताना कुठलीही दोन-तीन बंडलं उचलून किराणा दुकानाच्या काट्यावर टाक. दमट हवेत कागद थोडा जड होतो, तेव्हा दहा-वीस ग्रॅमवरून भांडू नकोस. डझनामागे दोनशे ग्रॅम कमी आले तर माल उतरवायचाच नाही. क्लासची पोरं बॉलपेनने दाबून लिहितात. शाई मागे उतरली की ती दुसऱ्यांदा तुझ्याकडे येत नाहीत.

डिस्ट्रिब्युटरची मर्यादाही ओळख. मोठ्या कंपनीचा माल विकणाऱ्याला ठरावीक जिल्हा दिलेला असतो आणि कंपनीने त्याला दिलेल्या भावाखाली तो जाऊ शकत नाही. तिथे दुसऱ्या जिल्ह्याचा भाव दाखवून उपयोग नाही. तिथे मुदत माग, न खपलेला माल बदलून माग, सीझनच्या तोंडाला आधी माल माग. भावाची ओढाताण स्थानिक छापाच्या वह्यांतच चालते.

मोठ्या ऑर्डरीत तीच वही घे, जी बाराही महिने जाते. साधी एकरेघी, दोनशे पानी. प्रॅक्टिकल बुक आणि चित्राच्या मुखपृष्ठाच्या वह्या थोड्या थोड्या घे. सीझनअखेर वीस डझन उरल्या तरी 6,840 रुपये अडकतात, म्हणजे वर काढलेल्या 2,322 च्या जवळजवळ तिप्पट. आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या वह्यांच्या कडा पिवळ्या पडतात, पिना गंजतात. मग त्या पडेल भावातच जातात. लाकडी पाट टाकून, भिंतीपासून वीतभर लांब ठेव.

शेजारचे दोन दुकानदार मिळून ऑर्डर देऊ असं म्हणतात, असं तू लिहिलंस. भाव एकत्र ठरवा, पण बिलं तिघांच्या नावे वेगळी करून घ्या. एकाने पैसे थकवले तर डिस्ट्रिब्युटर ज्याच्या नावाचं बिल त्याच्याच दारात येतो.

या आठवड्यात एवढं कर: गेल्या जून, जुलै आणि ऑगस्टच्या बिलांवरून दोनशे पानी वही दर महिन्याला किती गेली ते काढ आणि तिन्ही महिन्यांचे आकडे मला कळव. ते हातात आल्याशिवाय डिस्ट्रिब्युटरला हो म्हणू नकोस.

तुझा,
मामा