फ्री डिशचे गायब झालेले चॅनल परत कसे आणायचे? (छतावर न चढता)

डिश-टीव्ही दुरुस्तीचं काम सुरू करताय, तर एप्रिल महिना तुमचा आहे. डीडी फ्री डिशवर खासगी चॅनलना जागा लिलावाने मिळते आणि बहुतेक जागांची मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च अशी असते. त्यामुळे १ एप्रिलला काही चॅनल जातात, काही नवीन येतात आणि काहींची जागा बदलते. त्या आठवड्यात फोन येतो, "दादा, आमचे पिक्चरचे चॅनल दिसत नाहीत, डिश हलली वाटतं."

डिश बहुतेक वेळा हललेली नसते. आजचा धडा एवढाच आहे, पण तो न कळल्यामुळे काय होतं ते आधी सांगतो.

आमच्या बॅचमधला एक मुलगा वाकोल्यात एका चाळीत अशाच कामाला गेला. आजींचा सह्याद्री चॅनल नीट चालू होता, पण सिनेमाचे दोन चॅनल लावले की पडद्यावर `No Signal` यायचं. याने ते वाचलं, थेट पत्र्यावर चढला आणि डिश जरा हलवून बघितली. खाली येतो तर सह्याद्रीही गेलेला! मग पत्र्यावर चढ, उतर, घरातल्यांना ओरडून विचार, "आलं का?" संध्याकाळ झाली. पैसे मागायची हिंमत झाली नाही, आणि चाळीतलं पुढचं काम दुसऱ्याकडे गेलं.

चूक कुठे झाली? बॉक्सच्या लेखी चॅनल म्हणजे एक पत्ता असतो. या फ्रिक्वेन्सीवर, या पोलरायझेशनवर, या सिम्बॉल रेटवर जा, आणि तिथल्या गठ्ठ्यातला अमुक नंबरचा कार्यक्रम उचल. एका फ्रिक्वेन्सीवर असे बरेच चॅनल एकत्र येतात, त्या गठ्ठ्याला बॉक्सच्या मेनूत `TP` म्हणतात. चॅनल दुसऱ्या गठ्ठ्यात गेला की बॉक्सला ते कोणी कळवत नाही. तो जुन्याच दारावर थाप मारत बसतो आणि `No Signal` म्हणतो. भाडेकरूने खोली बदलली तर आपण चाळ पाडत नाही ना!

म्हणून घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे चालू असलेला एखादा चॅनल लावा आणि रिमोटवरचं `Info` बटण दाबा (काही बॉक्समध्ये ते दोनदा दाबावं लागतं). दोन पट्ट्या दिसतील, `Strength` आणि `Quality`. स्ट्रेंग्थच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. एलएनबीला वीज मिळाली की डिश भलतीकडे बघत असली तरी ती बरीच भरते. क्वालिटी मात्र खरा सिग्नल पकडला तरच येते. चालू चॅनलवर क्वालिटी चांगली असेल तर डिश आणि एलएनबी ठीक आहेत. पत्र्यावर जायचं नाही, काम खुर्चीत बसून होणार आहे.

आता मेनूतून `Installation` मध्ये जा. पासवर्ड मागितला तर बऱ्याच बॉक्समध्ये तो `0000` असतो. सॅटेलाइट 93.5 अंश पूर्वेचा हवा. आज तिथे जीसॅट-१५ आहे, पण जुन्या बॉक्समध्ये त्याच जागेला इन्सॅट-४बी असं नाव दिसतं. ते नाव बघून घाबरू नका, अंश बरोबर असला की झालं. एलएनबी `9750/10600` आणि `22K` ऑटो किंवा ऑफ ठेवा.

पुढची पायरी इथेच बरेच जण फसतात. ते `Auto Scan` मारतात, पाच मिनिटं थांबतात आणि तेच जुने चॅनल परत येतात. कारण बऱ्याच बॉक्समध्ये हा स्कॅन फक्त आधीच साठवलेल्या टीपींवर फिरतो. नवीन टीपी यादीतच नसेल तर तिथे तो जाणार कसा? फॅक्टरी रिसेटनेही हे सुटत नाही. उलट बॉक्स बनला त्या काळातली यादी परत येते आणि ग्राहकाने लावलेले आवडते चॅनल पुसले जातात.

दोन मार्ग आहेत. बॉक्समध्ये `Blind Scan` असेल तर तो मारा. तो यादी न बघता सगळा पट्टा चाळतो, वेळ जास्त लागतो, पण नवीन टीपी सापडतो. नसेल तर प्रसार भारतीच्या संकेतस्थळावरून त्या दिवशीची यादी मोबाइलवर काढा आणि टीपी हाताने घाला. आकडे असे लिहिलेले असतात:

```
11090 V 29500
```

पहिला आकडा फ्रिक्वेन्सी, `V` म्हणजे व्हर्टिकल, शेवटचा सिम्बॉल रेट. तीनही बरोबर हवेत. घातल्याबरोबर खाली क्वालिटीची पट्टी उठली पाहिजे. ती उठल्याशिवाय स्कॅन करू नका, वेळ फुकट जातो. पट्टी आली की `TP Scan`, मग सेव्ह. स्कॅनला `FTA Only` आणि `All` असे पर्याय असतील तर `All` घ्या.

नवीन चॅनल दिसला, आवाज आला, की मगच जुन्या मेलेल्या नोंदी काढा. आधी काढल्या आणि स्कॅन अर्धवट राहिला तर रिकामा टीव्ही घेऊन बसाल. आजींसाठी चॅनलचा जुना नंबरही परत लावून द्या. तंत्राच्या दृष्टीने त्याची गरज नाही, पण लोक नाव लक्षात ठेवून बोलावतात ते याच कामामुळे.

आकडे बरोबर घालूनही एकाच टीपीवर क्वालिटी शून्य, बाकी सगळं छान, असं झालं तर? एलएनबी वरून आलेल्या फ्रिक्वेन्सीतून 9750 वजा करून उरलेली केबलमधून खाली पाठवते. 11090 चे होतात 1340, आणि 11600 चे 1850. आकडा जितका मोठा तितका केबलमध्ये सिग्नल जास्त झिजतो. म्हणून जुनी केबल किंवा गंजलेला कनेक्टर असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, कनेक्टर हिरवा पडतोच. टोक कापून नवीन कनेक्टर लावा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

आणि सगळ्याच चॅनलवर क्वालिटी शून्य असेल, तरच वर चढा. मुंबईतून हा सॅटेलाइट आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून ५७ अंश वर आहे. त्या दिशेला नवीन टॉवर उभा राहिला असेल तर रिमोट काही करू शकत नाही. डिशची जागाच बदलावी लागेल.

दोन गोष्टी ग्राहकाला पैसे घेण्याआधी सांगा. काही चॅनल एमपेग-४ मध्ये येतात, जुना एमपेग-२ बॉक्स ते दाखवत नाही, कितीही स्कॅन करा. दुसरं, चॅनल फ्री डिश सोडूनच गेलेला असू शकतो. मार्च २०१९ मध्ये झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते असे गेले होते, २०२० मध्ये परत आले. मधल्या काळात कोणी "सेटिंग करून देतो" म्हणून पैसे घेतले असतील तर ती फसवणूकच. म्हणून घरी जाण्याआधी फोनवरच विचारा: कोणता चॅनल गेला आणि सह्याद्री दिसतोय का? पहिलं उत्तर त्या दिवशीच्या यादीशी ताडून बघा. नाव यादीत नसेल तर फोनवरच सांगून टाका, "मावशी, तो चॅनल बंद झालाय, मी येऊन उपयोग नाही."

मी अशा कामाचे भेटीसकट दीडशे रुपये धरतो, कनेक्टर वेगळा. खिशात दोन-तीन कनेक्टर आणि मोबाइलमध्ये त्या आठवड्याची यादी ठेवा. शिडी सोबत नेऊ नका. लागलीच तर चाळीत कोणाकडे तरी मिळते.