फोटोच्या नावात तारीख आधी

काकांच्या पश्चात त्यांची हार्ड डिस्क माझ्याकडे आली. घरातल्या जुन्या अल्बममधले सगळे फोटो त्यांनी एका स्टुडिओतून स्कॅन करून घेतले होते. आतले फोल्डर मात्र ‘नवीन फोटो’, ‘नवीन फोटो २’, ‘आईचा मोबाइल’ असे. यातली आई म्हणजे त्यांची आई, माझी आजी, हे फोटो उघडल्यावर कळले. चुलतभावाची १९८७ची मुंज तर संगणकाच्या लेखी २०१६ मध्ये लागली होती.

स्कॅन केलेल्या फाइलवर तारीख पडते ती स्कॅनची. फोटो कधी काढला हे स्कॅनरला कळायला मार्गच नसतो. मोबाइल आणि डिजिटल कॅमेरे काढल्याची तारीख फाइलच्या आत लिहून ठेवतात, पण व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत सहसा ती उरत नाही. `IMG-20190514-WA0003.jpg` या नावातल्या तारखेवरही विसंबू नका. पन्नास वर्षांपूर्वीचा लग्नाचा फोटो मावशीने त्या दिवशी पाठवला असेल, तरी नाव हेच पडते. यंत्र बदलले, कॉपी केली, तरी टिकते ते आपण स्वतः फाइलला दिलेले नाव. म्हणून तारीख तिथेच हवी, आणि वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. दिवस आधी लिहिला की सगळ्या वर्षांच्या पाच तारखा एकत्र येतात.

मुंजीच्या फोटोंची मांडणी मी अशी केली:

```
1987/
  1987-05-00_मुंज_नाशिक/
    1987-05-00_मुंज_नाशिक_001.jpg
    1987-05-00_मुंज_नाशिक_001_मागे.jpg
```

मुंज मे महिन्यात झाली एवढे सगळ्यांना आठवत होते, दिवस कोणालाच नाही. म्हणून दिवसाच्या जागी शून्ये. ‘मागे’ म्हणजे फोटोची पाठ. तिथे पेनाने लिहिलेली नावे किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर पाठही स्कॅन करा आणि तोच क्रमांक द्या. प्रसंगाचे नाव फोल्डरला असूनही प्रत्येक फाइलला पुन्हा देतो, कारण कोणीतरी एकच फोटो उचलून दुसरीकडे नेतो आणि मग नुसत्या `001.jpg`ला काही अर्थ राहत नाही. आकडे इंग्रजीच ठेवा. देवनागरी आकडे मिसळले तर क्रम आणि शोध दोन्हींवर भरवसा राहत नाही.

सालच माहीत नसेल तर `197x` लिहावेसे वाटते. तसे करू नका. विंडोज त्यातला आकडा १९७ असा वाचते आणि तो फोल्डर १९५० च्याही आधी नेऊन ठेवते. त्याऐवजी अंदाजाचे साल घालून पुढे ‘सुमारे’ लिहावे: `1975-00-00_सुमारे_वाड्याचे-अंगण_001.jpg`. फोटो साधारण आपल्या जागी बसतो आणि ‘सुमारे’ शोधले की तारीख न ठरलेले सगळे फोटो एकत्र समोर येतात. हे फोटो घेऊन मी आत्याकडे गेलो. अंगणातल्या फोटोत तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. तो तेव्हा वर्षाचाही नव्हता, एवढ्यावरून १९७२ ठरले. मग ‘सुमारे’ काढून टाकले.

माणसांनुसार फोल्डर करू नयेत. मुंजीच्या एका फोटोत बारा जण असतात, तो कोणाच्या फोल्डरात टाकणार? वर्ष आणि प्रसंग एवढेच फोल्डरला पुरे. माणसाचे नाव फाइलीत घालायचे असेल तेव्हा नाते लिहू नका. माझी आजी ही काकांची आई आणि माझ्या मुलांची पणजी. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आजी माहेरची सिंधू, सासरी वसुधा झाली. १९५० च्या फोटोला सिंधू आणि १९६० च्या फोटोला वसुधा म्हटले, तर शोधात ती दोन बायका होते. मी सगळीकडे ‘वसुधा’ ठेवले आणि वरच्याच फोल्डरात `नावे.txt` नावाची साधी फाइल केली. तिच्यात प्रत्येकासाठी एक ओळ: वापरायचे नाव, माहेरचे नाव, घरातले लाडके नाव, जन्मसाल. गावांचेही तसेच, ‘नाशिक’ की ‘नासिक’ हे एकदा ठरवून तिथे लिहून टाका.

मोबाइलच्या हजारो फोटोंची नावे हाताने बदलत बसायची गरज नाही. `exiftool` हा मोफत प्रोग्राम आतली तारीख वाचून नाव देतो. आधी `TestName` वापरून पाहा. तो नवी नावे नुसती दाखवतो, बदलत काही नाही:

```
exiftool -d "%Y-%m-%d_%H%M%S%%-c.%%e" "-TestName<DateTimeOriginal" photos
```

यादी ठीक दिसली तर दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि मगच `TestName`च्या जागी `FileName` लिहून चालवा. स्टुडिओने स्कॅन केलेल्या फोल्डरवर मात्र हे चालवू नका. तिथे आत तारीख असलीच तरी ती स्कॅनची असण्याची शक्यता मोठी, आणि मग मुंज पुन्हा २०१६ मध्ये जाईल.