ग्रंथालय विषयवार लावायला वेळ हवा: मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना काय करावे, काय टाळावे

अनेक शाळांत पुस्तकं अजून दाखल क्रमांकानेच लागलेली असतात. जे आधी आलं ते पहिल्या कपाटात, जे काल आलं ते शेवटच्या. मुख्याध्यापकांच्या नजरेने पाहिलं तर यात काही बिघडलेलं नसतं. कपाटं भरलेली आहेत, कुलपं लागतात, वार्षिक पडताळणीला नोंदवही घेऊन बसलं की टिक करत सरळ शेवटपर्यंत जाता येतं. त्यामुळे "ग्रंथालय विषयवार, मग लेखकवार लावायचं आहे, वेळ द्यावा" असं पत्र गेलं, की ते फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. पत्र टेबलावरून हलावं असं वाटत असेल, तर पुढचं सांभाळा.

करावे: अडचण एकाच मागणीतून दाखवावी

कोल्हापुरात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि 26 जूनला शाहू महाराजांची जयंती येते. भाषण, निबंध, भित्तिपत्रक, सगळ्यांना शाहूंवरची पुस्तकं त्याच आठवड्यात हवी असतात. धनंजय कीर, अण्णासाहेब लठ्ठे, जयसिंगराव पवार यांची पुस्तकं शाळेने वेगवेगळ्या वर्षी घेतलेली असणार, म्हणजे ती तीन वेगळ्या कपाटांत. ग्रंथपालाच्या डोक्यात असतील तेवढीच मुलाच्या हातात पडतात. ग्रंथपाल रजेवर असेल तर एकही नाही.

आपल्या नोंदवहीतून ही पुस्तकं काढून प्रत्येकापुढे कपाट क्रमांक लिहा आणि तो चार ओळींचा तक्ता पत्रात घाला. वाचनसंस्कृतीवरचे दोन परिच्छेद जे करणार नाहीत, ते हा तक्ता करतो. रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. ते पत्रात लिहायची गरज नाही, तक्त्यात ते दिसतंच.

टाळावे: "दुरवस्था", "अनागोंदी", "पूर्वीच्या ग्रंथपालांनी"

पूर्वीचे ग्रंथपाल बहुधा त्याच मुख्याध्यापकांचे सहकारी होते, आणि वार्षिक तपासणीच्या शेऱ्यावर सही मुख्याध्यापकांचीच असते. दाखल क्रमांकाची मांडणी ही चूक नाही, ती पडताळणीला सोयीची पद्धत आहे. आता वाचकांच्या सोयीची हवी आहे, एवढंच म्हणा.

करावे: एक कपाट लावून बघावे, मगच वेळ मागावा

"सुमारे दोन महिने लागतील" या वाक्याला कुणी होकार देत नाही. एक कपाट घ्या, घड्याळ लावा. पुस्तक काढणं, पुसणं, विषय ठरवणं, नोंदवहीत विषयांक पेन्सिलने लिहिणं, कण्यावर चिठ्ठी चिकटवणं, हे सगळं धरून ताशी किती होतात ते मोजा.

समजा शाळेत 16 कपाटांत 4,800 पुस्तकं आहेत आणि एका मदतनिसाबरोबर ताशी 30 पुस्तकं होतात. म्हणजे एका कपाटाला 10 तास, सगळ्याला 160 तास. रोज 2 तास मिळाले तर 80 कामाचे दिवस. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली तर मार्च उजाडेपर्यंत हे उरकतं. तुमचा वेग वेगळा असेल, आकडे तुमच्याच कपाटाचे घाला.

करावे: वेळ दोन वेगळ्या प्रकारांत मागावा

पत्राची सगळी गोम इथे आहे. विषय ठरवणं आणि चिठ्ठी लावणं या कामासाठी ग्रंथालय बंद ठेवावं लागत नाही, कारण पुस्तक परत जुन्याच जागी जातं आणि देवघेव चालू राहते. बंद ठेवावं लागतं ते फक्त प्रत्यक्ष हलवाहलवीला. रोज चार कपाटं हलली तर चार दिवस, आणि एक दिवस तपासणीचा. महिनाभर ग्रंथालय बंद ठेवा म्हणणाऱ्याला नकार मिळतो, पाच दिवस मागणाऱ्याला बहुधा मिळत नाही.

उरले ते रोजचे 2 तास. ते खातात कोण, हे प्रत्येक शाळेतल्या ग्रंथपालाला ठाऊक आहे. शिक्षक रजेवर गेले की मोकळ्या तासाला वर्ग सांभाळायला ग्रंथपाल, कार्यालयात माहिती भरायची तर ग्रंथपाल, परीक्षेच्या बैठक क्रमांकांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या तर ग्रंथपाल. तक्रार न करता सरळ मागा: "रोज ठरलेले 2 तास मला इतर काम देऊ नये."

टाळावे: पावसाळा आणि दिवाळीची सुट्टी

जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा इतकी ओली असते की चिठ्ठीचा डिंक धरत नाही आणि उघड्या गठ्ठ्यांना बुरशी लागते. दिवाळीची सुट्टी मोकळी वाटते खरी, पण तेव्हा मुलांनी सुट्टीत वाचायला नेलेली पुस्तकं बाहेर असतात. ती परत आली की नव्या मांडणीत त्यांना जागाच नसते. हलवाहलवी एप्रिलच्या अखेरीस ठेवा. वार्षिक परीक्षेआधी पुस्तकं जमा झालेली असतात आणि हवा कोरडी असते. 2019 आणि 2021 चा पूर ज्या भागात शिरला तिथल्या शाळांनी याच वेळी सगळ्यांत खालचा कप्पाही रिकामा सोडावा.

करावे: दाखल क्रमांक बदलणार नाही, हे ठळक लिहावे

मुख्याध्यापकांची खरी भीती हीच असते: लेखापरीक्षणात पुस्तकं जुळली नाहीत तर? दाखल क्रमांक तोच राहील, नोंदवही तीच राहील, फक्त तिच्यात विषयांकाचा एक रकाना वाढेल. पडताळणी थोडी किचकट होईल, कारण कपाटातलं पुस्तक नोंदवहीत शोधावं लागेल. हे लपवू नका. स्वतःहून सांगितलेला तोटा पुढच्या वाक्यांना वजन देतो.

टाळावे: निर्लेखनाचा विषय याच पत्रात आणणे

काम करताना फाटकी, कसर लागलेली पुस्तकं निघणारच. ती बाजूला ठेवून यादी करा, पण रद्द करण्याची मागणी वेगळ्या पत्रात. निर्लेखनाला वरची मंजुरी लागते. एकाच पत्रात दोन्ही मागितलं की सोपी मागणीही त्या मंजुरीची वाट बघत बसते. संगणक, नवी कपाटं, पंखा, यांचंही तसंच.

करावे: मांडणीचे नियम एका पानावर जोडावेत

ड्युईची दशांश पद्धत 1876 ची, आणि शाळेला तिचे तीन आकडे बहुतेक ठिकाणी पुरतात: 796 खेळ (कुस्तीची पुस्तकंही इथेच), 920 चरित्र, 954 भारताचा इतिहास. मराठी साहित्यापुरतं लांब जावं लागतं: 891.461 कविता, 891.462 नाटक, 891.463 कथा-कादंबरी. आकड्याखाली लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. 'ययाति'च्या कण्यावर 891.463 आणि खाली "खांडे".

अडतं ते कडेच्या पुस्तकांवर, आणि ती आधीच ठरवून ठेवलेली बरी. 'श्रीमान योगी' इतिहासात नको. ती रणजित देसाईंची कादंबरी आहे, इतिहासात ठेवली तर मूल तिच्यातले संवाद पुरावा म्हणून निबंधात लिहील. आनंद यादवांची 'झोंबी' आत्मचरित्रात्मक कादंबरी, ती मी कादंबरीत ठेवीन, दुसऱ्याने चरित्रात ठेवली तरी भांडणार नाही. पण एकदा ठरलं की सगळ्या प्रती तिथेच. चरित्रांत मात्र लेखकाआधी चरित्रनायक घ्यावा, नाहीतर शाहूचरित्रं पुन्हा क, ल आणि प मध्ये पांगतील आणि 26 जूनचा तक्ता होता तसाच राहील.

टोपणनावांची धास्ती नको, मुखपृष्ठावरचं नाव घ्या. कुसुमाग्रजांची कविता "कुसु"खाली, 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकर म्हणून "शिर"खाली. विषयच वेगळे असल्याने दोन्ही एका फळीवर येतही नाहीत.

पत्राचा नमुना

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक
>
> विषय: ग्रंथालयाची विषयवार व लेखकवार फेरमांडणी करण्यासाठी वेळ मिळणेबाबत.
>
> महोदय,
> आपल्या ग्रंथालयातील 4,800 पुस्तके दाखल क्रमांकानुसार 16 कपाटांत आहेत. राजर्षी शाहू महाराजांवरील पुस्तके त्यामुळे तीन कपाटांत विभागली आहेत (तक्ता सोबत). ही मांडणी विषयानुसार व त्यात लेखकानुसार करावयाची आहे. एका कपाटावर चाचणी घेतली असून ताशी 30 पुस्तके होतात.
>
> त्यासाठी विनंती:
> 1. दिवाळी सुट्टीनंतर 80 कामाचे दिवस रोज ठरलेले 2 तास, तसेच या वेळेत एक सेवक मदतीस मिळावा. देवघेव चालू राहील.
> 2. एप्रिलअखेर 5 दिवस ग्रंथालय बंद ठेवण्यास परवानगी मिळावी.
>
> दाखल क्रमांक व दाखल नोंदवही तीच राहील, नोंदवहीत फक्त विषयांकाचा एक रकाना वाढेल. पडताळणीस पूर्वीपेक्षा काहीसा अधिक वेळ लागेल. दर महिन्याच्या शेवटी झालेल्या कपाटांची संख्या आपणास कळवीन.
>
> आपला विश्वासू,
> ग्रंथपाल
>
> सोबत: तक्ता, मांडणीचे नियम

टाळावे: तोंडी होकारावर काम सुरू करणे

"करा की, कोण नाही म्हणतंय" हा होकार पहिल्या मोकळ्या तासापर्यंत टिकतो. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पर्यवेक्षकांनाही एक प्रत द्या, कारण मोकळ्या तासांचं वाटप बहुधा त्यांच्या हातात असतं.

टाळावे: दहावीची मुलं आणि सेलोटेप

मदतीला मुलं हवीच असतील तर हलवाहलवीच्या दिवसांत, नववीची, पालकांना कळवून. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि सुटताना कणा सोलून नेते. कागदी चिठ्ठी डिंकाने, कण्याच्या तळापासून तीन सेंटिमीटरवर लावा. कणाच नसलेल्या पातळ बालपुस्तकांना ती मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लावा.

करावे: काम अर्धवट थांबलं तर काय, हे आधीच ठरवावे

निवडणुकीचं काम, परीक्षा केंद्र, बदली, काहीही येऊ शकतं. हलवाहलवी नेहमी एक विषय पूर्ण करूनच थांबवा. 891.463 अर्धी नव्या जागी आणि अर्धी जुन्या कपाटात राहिली, तर आहे त्याहून वाईट अवस्था होते. हललेल्या कपाटावर मोठ्या अक्षरांत विषय लिहा, न हललेल्यावर जुने दाखल क्रमांक राहू द्या. जागा असेल तिथे प्रत्येक फळीचा चौथा हिस्सा रिकामा सोडा, नाहीतर पुढच्या खरेदीला सगळं पुन्हा सरकवावं लागेल.

पाचव्या, म्हणजे तपासणीच्या दिवशी नोंदवहीतून कुठलेही 25 क्रमांक घेऊन ती पुस्तकं फळीवर शोधा आणि फळीवरची कुठलीही 25 पुस्तकं नोंदवहीत शोधा. पहिल्या फेरीत पुस्तकं सापडत नसतील तर ती चुकीच्या जागी गेली आहेत किंवा हरवली आहेत. दुसऱ्या फेरीत नोंद सापडत नसेल, तर त्या पुस्तकाची नोंद राहून गेली आहे किंवा त्याचा क्रमांक चुकला आहे, आणि तो दोष मांडणी बदलण्याआधीचा असतो. दोन्ही फेऱ्यांत किती सापडली नाहीत, ते दोन आकडे मुख्याध्यापकांना कळवा.