घरच्या गाडीसाठी बारा व्होल्टचा हवेचा पंप : खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत?

आठवडी बाजाराला माल घेऊन पहाटे निघणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असते आणि नेमका त्याच वेळी एक टायर बसलेला दिसतो. पंक्चरवाल्याचे दुकान नऊला उघडणार. म्हणून गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घरी ठेवण्याची पद्धत आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत वाढली आहे. वस्तू उपयोगाची आहे, यात शंका नाही. पण ती खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर भाळून घेतली तर ऐन गरजेच्या वेळी मध्येच बंद पडते, किंवा टायरमध्ये चुकीची हवा भरून मोकळी होते. घेताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : पंप मिनिटाला खरोखर किती हवा देतो, न थांबता किती वेळ चालू शकतो आणि त्याचा काटा खरे सांगतो का.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत बहुधा "१५० पीएसआय" असे छापलेले असते. या आकड्याकडे सरळ दुर्लक्ष करावे. छोट्या मोटारीला ३० ते ३५ पीएसआय हवा लागते. पंप १५० पर्यंत दाब देऊ शकतो, यावरून तो टायर लवकर भरेल असे मुळीच ठरत नाही. बारीक पिस्टनचा पंपही दाब पुष्कळ देतो, पण थेंबाथेंबाने.

हवेचा हिशेब

कामाचा आकडा आहे तो मिनिटाला किती लिटर हवा, हा. पण येथेही एक मेख आहे. "३५ लिटर प्रति मिनिट" हा आकडा बहुतेक वेळा नळी मोकळी असताना, म्हणजे समोर टायरचा काही दाब नसताना मोजलेला असतो. टायरमध्ये दाब चढू लागला की पिस्टनला तेवढ्याच फेऱ्यांत कमी हवा आत ढकलता येते आणि मोटरही मंदावते.

हे पडताळायला साधा हिशेब पुरतो. १६५/८० आर १४ या मापाच्या छोट्या मोटारीच्या टायरच्या पोटात साधारण २५ लिटर जागा असते. वातावरणाचा दाब सुमारे १५ पीएसआय धरला, तर टायरचा दाब १५ पीएसआयने वाढवायला बाहेरची २५ लिटर हवा आत घालावी लागते. म्हणजे १० पीएसआय वाढवायला सुमारे १७ लिटर. आता टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, पंप लावा आणि ३० पीएसआय व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. १ मिनिट ४० सेकंद लागले, तर तो पंप मिनिटाला १० लिटर देतो. ३ मिनिटे लागली, तर जेमतेम पावणेसहा लिटर. खोक्यावर दोन्हींच्या बाबतीत ३५ छापलेले असू शकते.

एवढा फरक का पडतो, याचे एक कारण सॉकेटमध्येच आहे. गाडीच्या सॉकेटचा फ्यूज साधारणपणे १० ते २० अँपिअरचा असतो. पंप १० अँपिअर घेत असेल तर बारा व्होल्टला १२० वॅट झाले. ३३ पीएसआयच्या दाबावर मिनिटाला ३५ लिटर हवा घालायला नुसत्या हवा दाबण्याच्या कामालाच ८० वॅटच्या आसपास लागतात. एवढ्याशा मोटरीत, दातेरी चाकांत आणि पिस्टनच्या घर्षणात निम्म्याहून अधिक ताकद उष्णता होऊन जाते, हे कोणताही मोटर वाइंडिंग करणारा कारागीर सांगेल. तेव्हा सॉकेटवर चालणाऱ्या पंपाने भरल्या दाबावर १० लिटर दिले तरी तो चांगला समजावा. त्याहून जास्त हवे असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा जड पंप घ्यावा लागतो. असे पंप २० ते ३० अँपिअर ओढतात. ते सॉकेटला जोडण्याच्या फंदात पडू नये.

घरात विजेच्या बोर्डावर अडॅप्टर लावून पंप चालवावा, असे पुष्कळांना वाटते. दिव्यांच्या पट्टीसाठी मिळणारा बारा व्होल्टचा अडॅप्टर एक-दोन अँपिअरचा असतो; त्यावर हा पंप सुरूसुद्धा होणार नाही. घरच्या इन्व्हर्टरची बारा व्होल्टची मोठी बॅटरी मात्र हे काम करू शकते. फक्त तारेत फ्यूज असावा आणि चिमटे लावताना व काढताना पंपाचे बटण बंद असावे, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ ठिणगी धोक्याची असते. गाडीवर चालवायचा असेल तर इंजिन चालू ठेवावे, म्हणजे व्होल्टेज चांगले मिळते. पण बंद गॅरेजमध्ये कधीही नाही. तो धूर जीवघेणा आहे.

चालणे आणि विसावा

या पंपांत तेल नसते. पिस्टनची रिंग कोरडीच घासत चालते आणि दाबलेली हवा स्वतः तापते. थंड करायला सिलिंडरवरच्या धातूच्या पाकळ्यांखेरीज काही नाही. म्हणून प्रत्येक पंपाला चालण्या-थांबण्याचे प्रमाण, म्हणजे ड्यूटी सायकल ठरवून दिलेली असते. दहा मिनिटे चालवा आणि दहा मिनिटे थांबा, म्हणजे पन्नास टक्के. पण नुसती टक्केवारी अपुरी आहे. किती मिनिटे सलग, किती दाबावर आणि बाहेर किती उष्णता असताना, हे सांगितले तरच तिला अर्थ येतो. ३० पीएसआयवर पंधरा मिनिटे चालणारा पंप मालवाहू टेम्पोच्या मागच्या चाकात ५० पीएसआय भरताना तेवढा टिकणार नाही. आणि विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात आपणच एकतृतीयांश वेळ कमी धरावा, हे बरे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गाडीला ३३ पीएसआय हवा लागते. एका टायरला बारीक खिळा लागून दाब १५ वर आला आहे आणि उरलेले तीन २८ वर आहेत. पहिल्याला १८ पीएसआय वाढवायचे म्हणजे ३० लिटर हवा. तिघांना प्रत्येकी ५, म्हणजे एकूण १५ पीएसआय, म्हणजे २५ लिटर. सगळी मिळून ५५ लिटर. खोक्यावरचा ३५ लिटरचा आकडा खरा धरला तर दीड मिनिटात काम व्हायला हवे. पण मिनिटाला १० लिटर देणारा पंप साडेपाच मिनिटे घेईल. त्याच्या माहितीपत्रकात सलग दहा मिनिटे लिहिली असतील तर चारही चाके आरामात होतील. पावणेसहा लिटरवाला पंप साडेनऊ मिनिटांहून अधिक घेईल. आणि त्याच्यावर सलग आठ मिनिटेच लिहिली असतील, तर शेवटच्या चाकापर्यंत पोहोचण्याआधी त्याला विसावा द्यावा लागेल. तो न देता रेटले की काय होते? आधी वेग मंदावतो, मग नळीच्या टोकाची पितळी नोझल हाताला चटका देते, मग जळका वास येतो. चांगल्या पंपात तापमान वाढताच मोटर बंद करणारी कळ असते. स्वस्तात ती नसते. रिंग वितळते आणि त्यानंतर मोटर आवाज भरपूर करते, पण काटा वीसच्या वर सरकत नाही. अशा पंपात तेल टाकून पाहणारे आहेत. टाकू नये, कोरड्या रिंगला तेलाचा उपयोग नाही.

पूर्ण बसलेला टायर शून्यापासून ३३ पर्यंत न्यायलाही ५५ लिटरच लागतात. मात्र ट्यूबलेस टायरची कड रिमपासून सुटली असेल, तर या छोट्या पंपाची हवा भरण्यापेक्षा निसटण्याचाच वेग जास्त असतो. तेथे पंक्चरवाल्याच्या टाकीतील जोराची हवाच हवी.

काटा

गोण्या तोलण्याच्या काट्यावर कुणी केशर तोलत नाही. पण १५० पीएसआयच्या काट्यावर ३३ वाचणे म्हणजे जवळपास तेच आहे. गोल काट्याची चूक त्याच्या पूर्ण मापाच्या टक्क्यांत मोजतात. पूर्ण मापाच्या ३ टक्के चूक असणारा १५० चा काटा साडेचार पीएसआयने चुकू शकतो. म्हणजे तो ३३ दाखवील तेव्हा टायरमध्ये साडेअठ्ठावीसही असू शकते आणि साडेसदतीसही. तीच ३ टक्के चूक ६० पीएसआयच्या काट्यावर पावणेदोनच्या आसपास राहते. म्हणून लहान मापाचा काटा असलेला पंप पसंत करावा. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल पंपाबद्दल एक गैरसमज आहे. पडद्यावर ३३.५ असे दशांश दिसले, म्हणजे मोजमापही तेवढे बारीक झाले, असे नाही. चुकीचा आकडासुद्धा दशांशासह दाखवता येतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काटा पंपाच्या बाजूला असतो आणि टायर नळीच्या दुसऱ्या टोकाला. हवा वाहत असताना अरुंद नळी आणि व्हॉल्व्ह यांच्यामुळे काट्याजवळचा दाब टायरमधल्या दाबापेक्षा जास्त असतो. पंप थांबवला की काटा काही अंकांनी खाली येतो, आणि तोच खरा आकडा. तेव्हा थांबवून, पाच-सहा सेकंद जाऊ देऊन वाचावे. ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा पंपही थांबल्यावर पुन्हा पाहावा.

घेताना एक वेगळा हाती गेज सोबत न्यावा. तो आधी विश्वासाच्या गॅरेजमध्ये पडताळून घेतलेला असावा. दुकानदाराला म्हणावे, "भाई, खोका उघडून एकदा चालवून दाखवा." एकाच टायरवर पंपाचा काटा लावून, काढून, पुन्हा लावून पाच वेळा वाचन घ्यावे आणि दर वेळी हाती गेजनेही दाब पाहावा, कारण लावता-काढताना थोडी हवा सुटते. पाचही वेळा पंपाचा काटा ३ ने जास्तच दाखवत असेल, तर तो पंप घ्यायला हरकत नाही. काट्यावर चिकटपट्टी लावून "३ वजा" लिहून ठेवले की झाले. फरक कधी ३, कधी उलटा २ असा निघाला तर त्या काट्याचा काही उपयोग नाही, मग पंप कितीही वेगवान असो. जो दुकानदार अशी पडताळणी करू देत नाही, त्याच्याकडे दुसरे काही घ्यावे. जे बांधव स्वतः हा माल विकतात, त्यांनी काउंटरवर एक जुना टायर आणि चांगला गेज ठेवला, तर परत येणारे पंप कमी होतील.

दाब नेहमी गाडी तीन तास उभी राहिल्यानंतर, गार टायरवर पाहावा. टायर ५-६ अंश सेल्सिअसने तापला की दाब सुमारे एक पीएसआयने चढतो, म्हणून बाजारातून परतल्याबरोबर ३६ दिसले तरी हवा सोडू नये. किती भरायची, तो आकडा गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात असतो. माल भरलेल्या गाडीसाठी तेथे बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या बाजूला छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे. पंपाच्या पिशवीत त्याच अँपिअरचे दोन जादा फ्यूज टाकून ठेवावेत. सॉकेट मेला तर दहापैकी नऊ वेळा फ्यूजच गेलेला असतो, आणि त्या जागी जास्त अँपिअरचा किंवा तारेचा तुकडा बसवला, तर पुढे फ्यूज नव्हे, गाडीचे वायरिंग जळते.