२० पावसाळे आणि ५५५ ट्रेनिंग

प्रोजेक्टच्या सेमिनारमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमच्या नेटवर्कची एरर फक्त अमुक इतकी आहे." यावर विचारण्यासारखा प्रश्न एकच. ती एरर कुठल्या डेटावर मोजली? डेटा थोडा असेल तर याचं प्रामाणिक उत्तर मिळवायला नेटवर्क बनवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तो का लागतो, हे आपल्याच गावच्या उदाहरणावरून बघूया.

सांगलीत पावसाळा आला की सगळ्यांच्या तोंडी आयर्विन पुलाची पातळी असते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ साली ५७ च्या वर आणि २०२१ साली ५४ च्या वर. समजा, उद्याची पातळी सांगणारं एक छोटं न्यूरल नेटवर्क आपल्याला बनवायचं आहे. इनपुट तीन : आजची पातळी, कोयना धरणातून सोडलेलं पाणी आणि वरच्या भागातला पाऊस. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीकडे येतं, म्हणून हे इनपुट. २००४ ते २०२३ या २० वर्षांतले जुलै-ऑगस्टचे रोजचे आकडे आपण जमवले, असं धरूया. दरवर्षी ६२ दिवस, म्हणजे एकूण १२४० ओळी.

पहिला विचार असा येतो की ४ वर्षं टेस्टसाठी बाजूला ठेवावीत आणि उरलेल्या १६ वर्षांवर ट्रेनिंग करावं. पण ती ४ वर्षं कोरडी निघाली तर एरर छान कमी दिसेल. त्यात २०१९ आलं तर तीच एरर भरपूर वाढेल. नेटवर्क तेच, मार्क मात्र पेपरवर अवलंबून! डेटा मोठा असता तर हा फरक आपोआप विरून गेला असता. थोड्या डेटात तो विरत नाही.

यावर उपाय म्हणजे के-फोल्ड क्रॉस-व्हॅलिडेशन. २० वर्षांचे ५ गट करायचे, प्रत्येकात ४ वर्षं. एक गट टेस्टला ठेवून उरलेल्या चारांवर ट्रेनिंग करायचं. मग दुसरा गट टेस्टला, मग तिसरा. असं पाच वेळा केलं की प्रत्येक वर्ष एकदा टेस्टला येतं आणि प्रत्येक वर्षाची एरर ते वर्ष न पाहिलेल्या नेटवर्ककडून मिळते.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं म्हणजे १२४० ओळी पत्त्यांसारख्या पिसून गट करणे. तसं केलं तर २०१९ च्या पुरातला एक दिवस टेस्टमध्ये आणि त्याच्या आदले-नंतरचे दिवस ट्रेनिंगमध्ये जातात. पूर एका दिवसात येऊन जात नाही, शेजारचे दिवस सारखेच असतात. म्हणजे पेपर आधीच फुटलेला! आपल्याकडे ओळी १२४० असल्या तरी खऱ्या अर्थाने पावसाळे २०च आहेत, म्हणून गट वर्षांचेच करायचे. तीन मोठी पूरवर्षं वेगवेगळ्या गटांत ठेवायची. पेपर फुटला आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. पिसलेल्या गटांची एरर वर्षवार गटांपेक्षा खूपच कमी आली, तर संशय घ्यावा. शिवाय "उद्याची पातळी आजच्याइतकीच" एवढं सांगणाऱ्या साध्या नियमाशीही तुलना करावी. त्याला हरवता आलं नाही तर नेटवर्कचा उपयोग नाही.

दुसरी घसरण स्केलिंगची. पातळी ० ते १ मध्ये बसवताना बरेचजण सगळ्या डेटाचा कमाल आकडा घेतात. आउटपुटला सिग्मॉइड असेल तर नेटवर्क १ च्या वर जाऊच शकत नाही. २०१९ टेस्टला असताना कमाल आकडा खरं तर २०२१ चा हवा, आणि तेव्हा ते नेटवर्क २०२१ च्या पातळीपुढे कधीच सांगणार नाही. पण कमाल आकडा सगळ्या डेटातून घेतला, तर नेटवर्कला ५७ फुटांची वाट आपणच उघडून दिली. ही मर्यादा लपून राहते आणि पुढच्या मोठ्या पुरात उघडी पडते. म्हणून स्केलिंग प्रत्येक फोल्डमध्ये फक्त ट्रेनिंगच्या डेटावरून करायचं आणि आउटपुट लिनिअर ठेवायचं.

```python
for f in range(5):
    te = (fold == f)
    tr = ~te
    sx = MinMaxScaler().fit(X[tr])
    net = make_net()
    net.fit(sx.transform(X[tr]), y[tr])
    err.append(rms(y[te], net.predict(sx.transform(X[te]))))
```

इथे `fold` म्हणजे प्रत्येक ओळीच्या वर्षाचा गट क्रमांक आणि `rms` हे एरर मोजणारं आपलं छोटं फंक्शन. यातली `make_net()` ही ओळ लूपच्या आत आहे, खर्चाचं मूळ तिथेच आहे. दर फोल्डला नेटवर्क कोरं करून पुन्हा सुरुवातीपासून शिकवावं लागतं. मागच्या फोल्डचे वेट्स वापरून वेळ वाचवू म्हटलं तर चालत नाही, कारण त्या वेट्सनी आत्ताचा टेस्ट गट आधीच पाहिलेला असतो. साध्या लिनिअर रिग्रेशनमध्ये ही अडचण नाही. तिथे एकच फिट करून प्रत्येक ओळ वगळल्यावरची एरर `e_i / (1 - h_ii)` या सूत्राने थेट काढता येते. न्यूरल नेटवर्कचे वेट्स हळूहळू, पायरी-पायरीने मिळतात, त्यामुळे त्याला असं नेमकं सूत्र नाही.

आता हिशोब मांडू. एक ट्रेनिंग २ मिनिटांचं धरलं तर ५ फोल्डना १० मिनिटं. एवढ्यावर थांबलं तर काहीच नाही. पण हिडन न्यूरॉन ४, ८ की १६ घ्यायचे आणि लर्निंग रेट तीनपैकी कुठला, हे ठरवायचं असतं. ही ९ कॉम्बिनेशन झाली, म्हणजे ४५ ट्रेनिंग. शिवाय सुरुवातीचे रँडम वेट्स बदलले की थोड्या डेटात उत्तरही बदलतं, म्हणून प्रत्येक ट्रेनिंग निदान तीनदा करायचं. झाली १३५, म्हणजे साडेचार तास.

तरी काम संपत नाही. त्याच ५ फोल्डवर ९ मधलं सर्वांत चांगलं कॉम्बिनेशन निवडलं आणि त्याचीच एरर रिपोर्टमध्ये लिहिली, तर ती खऱ्यापेक्षा कमी दिसते, कारण त्यात थोडं नशीबही निवडलं गेलेलं असतं. म्हणून टेस्टचा गट निवडीपासूनही दूर ठेवावा लागतो. उरलेल्या १६ वर्षांचे आतल्या आत ४ गट करून निवड करायची : ९ गुणिले ४ गुणिले ३, म्हणजे १०८ ट्रेनिंग. हे पाचही बाहेरच्या फोल्डना, म्हणजे ५४०. मग निवडलेल्या नेटवर्कचं तीन-तीनदा शेवटचं ट्रेनिंग, आणखी १५. एकूण ५५५, म्हणजे साडेअठरा तास. रूममधला लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला तरी सकाळी नाश्त्याला जाताना काम बाकीच असणार.

खर्च कमी कसा करायचा? फोल्ड एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे लॅबमधल्या पाच पीसींवर बाहेरचा एकेक फोल्ड टाकता येतो, म्हणजे चार तासांच्या आत काम होतं. कॉम्बिनेशन कमी करणं हा दुसरा मार्ग. टेस्टच्या गटावर एरर वाढायला लागली की ट्रेनिंग थांबवणं, हा मात्र मार्ग नाही. थांबायची वेळ ठरवायला ट्रेनिंगच्या वर्षांतलंच एखादं वर्ष वेगळं काढावं लागतं.

एवढं करून हाती येतात पाच एरर. त्यांची फक्त सरासरी लिहून मोकळं होऊ नये. शेवटी विचारलं जाणार ते २०१९ सारख्या वर्षाबद्दलच, आणि ज्या फोल्डमध्ये ते वर्ष टेस्टला होतं त्याचा आकडा सरासरीत बुडून जातो. शिवाय कुठल्याही दोन फोल्डच्या ट्रेनिंगमध्ये १६ पैकी १२ वर्षं सामाईक असतात, त्यामुळे या पाच एरर म्हणजे पाच स्वतंत्र प्रयोग नव्हेत. तेव्हा पाचही आकडे वर्षांसकट टेबलमध्ये द्यावेत, आणि २०१९ च्या ओळीत नेटवर्क किती फुटांनी कमी पडलं तेही लिहावं. नदीकाठच्या घरातल्या माणसाला सामान कधी हलवायचं हे ठरवायला तोच आकडा लागतो.