सातव्या महिन्यात चीक गळू लागला तर

माहीम कोळीवाड्यातील एक सून सातव्या महिन्यात घाबरून केंद्रावर आली. पोलक्याला पिवळट डाग, स्तनाच्या बोंडांवर खपली. सासूबाई म्हणाल्या, "चीक आताच वाया गेला तर बाळाला काय उरेल?" चीक असा संपत नाही, बाळंतपणापर्यंत तो तयार होतच असतो. कुणाचा आधी गळतो, कुणाचा नाही. मात्र पिळून पाहू नका, त्याने पोटात कळा येऊ शकतात. रक्त दिसले किंवा गाठ हाताला लागली तर डॉक्टरांना दाखवा.

खपली काढायला ती रोज साबण चोळी, त्यानेच बोंडांना भेगा पडल्या. बोंडाभोवतीच्या काळसर भागावर बारीक उंचवटे दिसतात ना, त्यांतून तेल पाझरते व कातडी मऊ राहते. साबणाने तेच जाते. खपली कोमट पाण्याने भिजवा, टिपून घ्या. आत सुती घडी ठेवा, ओली झाली की बदला.

जुनी ब्रेसियरही तिला काचत होती. आठवा महिना सरताना नवी घ्या: सुती, रुंद पट्ट्यांची, बिनतारेची, सर्वांत सैल हुकावर नीट बसणारी. बाळंतपणानंतर छातीचा घेर उतरतो, तेव्हा आतले हुक कामी येतात. रात्री काढल्यावर अंगावर लाल वळ दिसला, तर ती घट्टच. दुकानदार काहीही म्हणो.